वेदपाठशाळेतील प्रवेशाचा अर्ज

वेदपाठशाळेत मुलाला घालण्यासाठी पालक जो अर्ज करतात, त्याला शाळाप्रवेशाच्या छापील फॉर्मपेक्षा निराळे स्वरूप असते. शाळेला मुलाचे वय, आधीची इयत्ता आणि पत्ता कळला की पुरते. पाठशाळेत मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना येतो, गुरुजींच्या घरी किंवा वसतिगृहात राहतो आणि नीट टिकला तर विशीच्या आसपास बाहेर पडतो. म्हणून अर्जात कुळाची माहिती, मुलाची माहिती, पालकांची अपेक्षा आणि राहण्या-जेवण्याच्या गरजा या चारही गोष्टी येतात. मोठ्या संस्थांचा अर्ज छापील असतो. लहान पाठशाळांत आजही हाताने लिहिलेले पत्र चालते आणि छापील अर्ज भरला तरी सोबत असे पत्र असावे, अशी बऱ्याच गुरुजींची अपेक्षा असते.

पत्राचा मायना जुन्या वळणाचा असतो. गुरुजींच्या नावाआधी ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, किंवा ‘वेदमूर्ती’ असे लिहितात आणि आरंभी ‘शि. सा. न. वि. वि.’ येते. एवढा शिष्टाचार पाळला की पुढचा मजकूर साधा आणि नेमका असलेला बरा. संस्कृतप्रचुर स्तुतीने भरलेल्या दोन पानांपेक्षा ‘मुलाला दम्याचा त्रास आहे, थंडीत वाफ घ्यावी लागते’ हे एक वाक्य गुरुजींना जास्त उपयोगी पडते.

पत्र लिहिण्याआधी पाठशाळा कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे लागते. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी जोडलेल्या पाठशाळांचा. हे प्रतिष्ठान केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वायत्त संस्था असून त्याची स्थापना १९८७ साली झाली. मुख्यालय उज्जैनला आहे. इथे सात वर्षांचा क्रम असतो आणि वेदाबरोबर गणित, विज्ञान, इंग्रजी असे विषयही शिकवतात. दुसरा प्रकार विश्वस्तसंस्थांनी चालवलेल्या स्वतंत्र पाठशाळांचा. त्यांचा क्रम आणि परीक्षा त्यांच्या त्यांच्या. तिसरा प्रकार सर्वांत जुना, म्हणजे एकच गुरुजी आपल्या घरी चार-सहा मुले ठेवून शिकवतात तो. तिथे अर्ज म्हणजे गुरुजींना घातलेली विनंतीच असते. शालेय शिक्षणाचे काय, दाखला कुठे राहील, रात्री मुलांजवळ कोण असते या प्रश्नांची उत्तरे तिन्ही ठिकाणी वेगळी मिळतात, त्यामुळे एकच अर्ज सगळीकडे पाठवून भागत नाही.

अर्जाचा पहिला भाग कुळाचा. गोत्र, प्रवर, वेद, शाखा, सूत्र, कुलदैवत, मूळ गाव, मुंज कधी व कोणाकडून झाली असे रकाने त्यात असतात. यांपैकी शिकवणीच्या दृष्टीने निर्णायक दोनच, शाखा आणि सूत्र. आपल्या परंपरेने आलेली शाखा आधी शिकायची असा नियम आहे आणि पाठशाळा साधारणतः एक-दोन शाखांच्याच असतात. महाराष्ट्रात मुख्यतः तीन शाखांचे अध्यापन चालते. ऋग्वेदाची शाकल, कृष्ण यजुर्वेदाची तैत्तिरीय आणि शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन या त्या तीन शाखा. शुक्ल यजुर्वेदाची काण्व शाखा, सामवेद आणि अथर्ववेद यांची सोय मोजक्याच ठिकाणी असते.

शाखेचा फरक केवळ ग्रंथाचा नाही. उच्चार, स्वर दाखवण्याची रीत, संध्येतले मंत्र हे सगळे त्याबरोबर बदलते. माध्यंदिन परंपरेत ‘ष’ अनेक ठिकाणी ‘ख’सारखा म्हणतात, त्यामुळे ‘पुरुष’ शब्द ‘पुरुख’ असा ऐकू येतो. शब्दारंभीचा ‘य’ ‘ज’कडे झुकतो आणि स्वर हाताच्या हालचालीने दाखवतात. ऋग्वेद्यांच्या पाठात यातले काही नसते. एका वळणाची जीभ घडल्यावर दुसरे वळण लावणे फार कठीण जाते. मुलाला चुकीच्या शाखेच्या पाठशाळेत घातले आणि दोन वर्षांनी ते लक्षात आले, तर ती दोन वर्षे बव्हंशी वाया गेलेली असतात.

अशी चूक होते कशी, हे एका नमुन्यावरून स्पष्ट होईल. राजापूर तालुक्यातले एक कुटुंब धरू. वडिलांच्या आंबा-काजूच्या बागा आहेत आणि ते गावातल्या पूजाही सांगतात. आई अंगणवाडीत काम करते. मुलगा दहा वर्षांचा, पाचवी झालेला, मुंज गेल्या वर्षीची. वाडीतली बहुतेक घरे ऋग्वेदी, आईचे माहेर ऋग्वेदी, म्हणून अर्जात ‘ऋग्वेद’ लिहिले जाते. कोकणात ऋग्वेदी आश्वलायन आणि तैत्तिरीय हिरण्यकेशी अशी दोन्ही घरे शेजारी शेजारी नांदतात आणि आपापसांत सोयरीकही करतात. आडनावावरून वेद सांगता येत नाही आणि गोत्रावरूनही नाही. या कुटुंबाचे गोत्र शांडिल्य, पण त्या गोत्राची घरे दोन्ही वेदांत आहेत. गुरुजी मात्र अर्जावर विसंबत नाहीत. ते मुलाला संध्या म्हणायला लावतात आणि अभिवादनापाशी थांबवतात. अभिवादनात मुलगा आपले प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा आणि नाव क्रमाने उच्चारतो. अर्जातल्या कुळाच्या भागातली मुख्य माहिती रोजच्या त्या एका वाक्यात असते. या मुलाने मुंजीत पाठ केलेले सूत्र हिरण्यकेशी असते, शाखा तैत्तिरीय. म्हणजे मुंज लावणाऱ्या उपाध्यायांना कुळाची परंपरा ठाऊक होती, घराला तिचा विसर पडला होता. अर्ज दुरुस्त होतो आणि मुलगा ऋग्वेदाच्या पाठशाळेऐवजी तैत्तिरीय शाखेच्या पाठशाळेकडे जातो.

म्हणून हा रकाना आठवणीवर भरू नये. मुंज लावणाऱ्या उपाध्यायांना विचारावे, घरातल्या वडीलधाऱ्यांची संध्या ऐकावी, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडे कुळाची जुनी नोंद असेल तर ती पाहावी. खरोखर कळलेच नाही तर ‘शाखा निश्चित माहीत नाही’ असे लिहावे. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा ते बरे.

मुंज झालेली असणे ही परंपरागत पाठशाळांची अट असते आणि त्यामुळे तिथली मुले प्रायः ब्राह्मण घरांतली असतात. धर्मग्रंथांचेच शिक्षण हवे पण ही चौकट नको किंवा लागू नाही, अशा पालकांसाठी महाराष्ट्रात दुसरी मोठी परंपरा आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था ज्ञानेश्वरी, गाथा आणि कीर्तन शिकवते आणि तिथे जातीची अट नाही. तिथल्या अर्जात शाखा-सूत्राऐवजी मुलाच्या पाठांतराला, गळ्याला आणि घरच्या वारीच्या परंपरेला महत्त्व येते. राहण्या-जेवण्याचे व सुरक्षिततेचे प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखेच.

अर्जाचा दुसरा भाग मुलाविषयीचा. इथे पालक शाळेतले गुण लिहितात आणि मुलगा हुशार असल्याचे सांगतात. गुरुजींना हवी असते ती माहिती वेगळी असते. वेद ऐकून शिकायचा असतो. गुरुजी एक भाग म्हणतात, मुले तो दोनदा म्हणतात, मग पुढचा भाग. याला संथा म्हणतात. संथा झाली की तोच भाग दिवसचे दिवस आवर्तने करून पक्का करायचा. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे चढउतार ऐकूनच जिभेवर बसतात, पोथीतल्या खुणा नंतर आधाराला येतात. म्हणून कान आणि जीभ ही इथली पहिली पात्रता. लहानपणी वारंवार कान फुटला असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर ते लिहायलाच हवे. शक्य असल्यास अर्जाआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. ‘र’चा ‘ल’ होतो का, ‘श’ आणि ‘स’ वेगळे येतात का, ‘घ’, ‘ध’, ‘भ’ पुरेशा जोराने उमटतात का, बोलताना मुलगा अडखळतो का, हेही लिहावे. यातले काही दोष सरावाने जातात आणि अनुभवी गुरुजींना कोणते जातात ते ठाऊक असते. लपवलेला दोष मात्र पहिल्या संथेलाच उघडा पडतो आणि तेव्हा संकोच मुलाला होतो.

पाठांतराबद्दल लिहिताना ‘स्मरणशक्ती उत्तम’ असे न म्हणता मुलाला काय पाठ आहे आणि ते किती दिवसांत झाले, हे लिहिणे चांगले. रामरक्षा, अथर्वशीर्ष, संध्या यांपैकी जे येत असेल ते. रामरक्षा पोथी न पाहता म्हणतो, ती घरी रोज ऐकून सहज झाली, एवढे लिहिले तरी गुरुजींना अंदाज येतो. तरी ते स्वतः पाहतातच. अनेक पाठशाळांत मुलाला कधी न ऐकलेली अर्धी ऋचा चार-सहा वेळा म्हणून दाखवतात आणि तासाभराने ती विचारतात. शब्द विसरला तर चालतो, स्वर धरून ठेवतो का ते पाहायचे असते.

या भागातला एक प्रश्न छापील अर्जांत क्वचितच असतो, पण पत्रात त्याचे उत्तर असावे. मुलाला स्वतःला यायचे आहे का? दहा वर्षांच्या मुलाची संमती अर्धीमुर्धी असते हे खरे, तरी तिला अर्थ आहे. मामाच्या गावाला चार दिवस एकटा राहिला आहे का, रात्री रडतो का, मुंजीनंतर संध्या सांगावी लागते की आपण होऊन करतो, यावरून बरेच समजते. आजोबांची इच्छा आणि वडिलांचा संकल्प यांवरच अर्ज उभा असेल, तर मुलगा पहिल्या दिवाळीला घरी गेल्यावर परतायला नकार देतो. पाठशाळांना हा अनुभव नवा नाही.

तिसरा भाग अपेक्षांचा, आणि बहुतेक बेबनाव इथूनच उगवतात. ‘मुलाने वेद शिकावा’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक अर्थ याज्ञिकीचा. पूजा, सत्यनारायण, वास्तुशांत, लग्न, श्राद्ध ही कर्मे सांगता येण्याइतके मंत्र आणि प्रयोग शिकायचे. दोन-चार वर्षांत मुलगा त्यात उभा राहतो आणि मिळवू लागतो. दुसरा अर्थ अध्ययनाचा. इथे संपूर्ण संहिता तोंडपाठ करायची असते. ऋग्वेदाची संहिता म्हणजे १० मंडले, १०२८ सूक्ते आणि साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा. पाठशाळेत मोजणी अष्टकांनी होते, अष्टके ८ आणि त्यांचे अध्याय ६४. चांगल्या मुलालाही संहितेला पाच-सहा वर्षे लागतात. त्यापुढे प्रत्येक पद सुटे म्हणायचा पदपाठ आणि पदे जोडीजोडीने गुंफत नेणारा क्रमपाठ येतो. ब्राह्मण, आरण्यक आणि वेदांगे धरून दशग्रंथ पुरे करायचे तर दहा-बारा वर्षे होतात. घनपाठ, ज्यात पदे पुढे-मागे उलटसुलट फिरवून म्हणतात, तो त्याच्याही पुढचा.

पालकांच्या मनात याज्ञिकी आणि गुरुजींच्या मनात दशग्रंथ, असे असूनही अर्जात दोघांना पटेल असे मोघम वाक्य लिहिले जाते. मग चौथ्या वर्षी, मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना, घरून निरोप येतो की आता गणपतीत हाताखाली कोणी नाही, याला पाठवा. सणासुदीची दक्षिणा एकदा हाती पडली की अध्ययनाला परतणारी मुले थोडी. ज्या गुरुजींनी चार वर्षे रोज पहाटे या मुलाला संथा दिली, त्यांच्या दृष्टीने हे नुकसान मोठे असते, कारण त्याच काळात त्यांनी दुसऱ्या मुलाला जागा नाही म्हणून परत पाठवलेले असते. याच कारणाने बऱ्याच पाठशाळा पालकांकडून हमीपत्र घेतात की ठरलेली वर्षे पुरी होईतो मुलाला मध्ये काढणार नाही. ते सहीपुरते समजू नये. वर्षांचा आकडा नीट वाचावा. याज्ञिकीच हवी असेल तर तसे स्पष्ट लिहावे, त्यात कमीपणा काही नाही आणि त्यासाठी वेगळे वर्ग असतात.

अपेक्षांच्या भागातच शालेय शिक्षणाचा प्रश्न येतो. उज्जैनच्या प्रतिष्ठानाशी जोडलेल्या पाठशाळांत पाच वर्षांनंतर वेदभूषण आणि आणखी दोन वर्षांनी वेदविभूषण ही प्रमाणपत्रे मिळतात. प्रतिष्ठानाच्या शिक्षण मंडळाच्या या प्रमाणपत्रांना भारतीय विश्वविद्यालय संघाने २०२२ साली अनुक्रमे दहावी आणि बारावीशी समकक्षता दिली. स्वतंत्र पाठशाळेच्या किंवा खाजगी परीक्षासंस्थेच्या पदवीला वैदिकांत मान असतो, पण महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर तिचा उपयोग होत नाही. तिथे शिकणाऱ्या मुलासाठी दहावीचा रस्ता वेगळा आखावा लागतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेला खाजगीरीत्या बसता येते. त्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्यासाठी पूर्वीच्या शाळेचा दाखला लागतो आणि निदान पाचवी उत्तीर्ण असावी लागते. चौथीतून थेट पाठशाळेत घातलेल्या मुलाची इथेच अडचण होते. पाचवी पुरी करून घालणे म्हणून शहाणपणाचे. मुक्त विद्यालयी शिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही दहावीची परीक्षा घेते आणि पाठशाळेतल्या मुलांना तिचे वेळापत्रक अनेकदा सोयीचे पडते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पाठशाळेत जमा करायचा की घरी ठेवायचा, हे आधी विचारावे. जमा केला तर पोच आणि छायाप्रत जवळ ठेवावी.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा वेदपाठशाळांना लागू नाही, हेही पालकांनी जाणून असावे. २००९ च्या या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. म्हणजे वर्ग कसे असावेत, शिक्षक किती असावेत, मुलांना मारू नये या त्या कायद्यातल्या तरतुदींचा आधार इथे घेता येत नाही. जे शाळेत कायद्याने मिळते, ते इथे विचारून आणि पाहून घ्यावे लागते.

चौथा भाग राहण्याचा. दिनक्रम पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. स्नान, संध्या, मग सकाळची संथा आणि आवर्तने, दुपारी जेवण व थोडी विश्रांती, पुन्हा आवर्तने, संध्याकाळी खेळ, सायंसंध्या, स्तोत्रे आणि साडेनऊच्या सुमारास झोप. रात्री अकराला झोपून सातला उठणाऱ्या मुलाला ही वेळ पहिला महिनाभर जड जाते. दिवसा पेंगणारा मुलगा मंद आहे असा समज होऊ शकतो. अर्ज मंजूर झाल्यापासून जाण्याच्या दिवसापर्यंत घरीच झोपेची वेळ हळूहळू मागे आणली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

प्रकृतीबद्दल सगळे लिहावे. दमा असेल तर ठळक लिहावा, कारण पाठशाळेत होमाचा धूर नेहमीचा असतो. फिट येत असेल, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, चष्मा असेल, तर कागदपत्रांसह कळवावे. अंथरुण ओले होण्याची सवय ही पालक हमखास लपवतात ती गोष्ट. दहा वर्षांच्या मुलांत ती दुर्मिळ नाही, घर सुटल्यावर बंद झालेली सवय पुन्हा सुरूही होते. ती पत्रात नको वाटली तर गुरुजींना किंवा घरातल्या काकूंना एकांतात सांगावी, म्हणजे मुलाची जागा कडेला ठेवता येते आणि रात्री एकदा उठवता येते. न सांगितल्यास बाकीच्या मुलांना आधी कळते.

जेवण सात्त्विक असते, कांदा-लसूण वर्ज्य. सोवळ्यात, चित्राहुती घालून, पंगतीत जेवायचे असते. ताटात वाढलेले टाकत नाहीत. मुलाला दूध चालत नाही, वांगे खाल्ले की अंगावर पित्त उठते, अशा खऱ्या अडचणी लिहाव्यात. आवडीनिवडी लिहू नयेत. एकादशीचा उपास लहान मुलांना करावा लागतो का, हे विचारून घ्यावे. वाढत्या वयात ही बाब लहान नाही.

सोबत द्यायच्या सामानाची यादी पाठशाळा देते. धोतरे, पंचे, उपरणी, सोवळ्याचे वस्त्र, संध्येसाठी पळी-पंचपात्री आणि ताम्हन, आसन, जास्तीची जानवी, अंथरुण-पांघरुण, कुलूप असलेली पेटी. घाटावरच्या पाठशाळेत थंडी कोकणापेक्षा कडक असते आणि पहाटेचे स्नान चुकत नाही, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी यादीत नसली तरी द्यावी. महागडे घड्याळ, मोबाइल, रोख पैसे देऊ नयेत. फोन कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या यंत्रावरून करायचा, हे आधी ठरवून घ्यावे.

भेटीला रविवारी जायचे अशी पालकांना सवय असते. पाठशाळेची सुटी मात्र तिथीने होते. दोन्ही पक्षांतली अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा हे अनध्याय, म्हणजे या दिवशी वेदाची संथा होत नाही. महिन्यातून असे आठ दिवस येतात आणि भेटीसाठी, डॉक्टरकडे नेण्यासाठी, कपडे शिवायला टाकण्यासाठी तेच सोयीचे. पंचांग पाहून भेटीचा दिवस ठरवणाऱ्या पालकाच्या मुलाची संथा बुडत नाही. मोठी सुटी प्रत्येक पाठशाळेची वेगळी, बहुधा दिवाळीत आणि उन्हाळ्यात. श्रावणीच्या दिवशी मात्र मुलाला घरी मागू नये, कारण उपाकर्म हा अध्ययनाशीच बांधलेला विधी आहे आणि तो गुरुजींसमोर व्हावा असे मानतात.

खर्चाबाबत बहुसंख्य पाठशाळा विद्येचे शुल्क घेत नाहीत. निवास-भोजनही देणग्यांवर चालते, काही ठिकाणी नाममात्र रक्कम किंवा अनामत घेतात. घरची परिस्थिती अर्जात असते ती मदत ठरवण्यासाठी. ती आहे तशी लिहावी. मोफत सोय आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असे मात्र कुठेही ठरलेले नाही.

आणि विचारायचे प्रश्न आहेत. रात्री मुलांच्या खोलीत किंवा लगत कोण मोठे माणूस झोपते? लहान आणि मोठी मुले एकत्र झोपतात का? चुकले तर शिक्षा काय असते? आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरकडे नेतात आणि घरी किती वेळात कळवतात? मुलांना पालकांशी कोणी शेजारी उभे नसताना बोलता येते का? चांगल्या पाठशाळेतले गुरुजी या प्रश्नांनी दुखावत नाहीत. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा पाठशाळेलाही लागू आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलाला पाठ असावा. संथेत उच्चार चुकला म्हणून पाठीवर वळ उठवणारी शिस्त परंपरेचा भाग आहे असे कोणी सांगितले, तर तो अर्ज तिथे देऊ नये. मुलगा सुटीत घरी आल्यावर अंगावरच्या खुणा, एकाएकी आलेला अबोलपणा, अमुक एका मोठ्या मुलाचे नाव निघताच बदलणारा चेहरा, यांकडे लक्ष ठेवण्याचे काम पालकांचे आहे.

राजापूरच्या त्या नमुन्यातले पत्र आता पुरे करता येते. मायन्यानंतर पहिल्या परिच्छेदात गोत्र शांडिल्य, सूत्र हिरण्यकेशी, शाखा तैत्तिरीय, मुंज कोणाकडून झाली ते. दुसऱ्यात मुलगा पाचवी उत्तीर्ण, रामरक्षा आणि संध्या पाठ, ‘श’ आणि ‘स’ यांत क्वचित गफलत, कान तपासले ते ठीक. तिसऱ्यात अपेक्षा, साधारण अशा शब्दांत: ‘तैत्तिरीय संहिता पूर्ण व्हावी अशी इच्छा आहे, त्यासाठी लागतील ती वर्षे ठेवण्याची तयारी आहे. मध्यंतरी कार्यासाठी मुलास बोलावणार नाही. दहावीची परीक्षा त्याने द्यावी एवढी विनंती आहे, ती कशी द्यावी याबद्दल मार्गदर्शन व्हावे.’ चौथ्यात थंडीतला दमा, औषधाचे नाव, दूध चालत नाही, रात्री अंधाराची थोडी भीती. शेवटी आईवडील दोघांच्या सह्या आणि अडचणीच्या वेळी बोलवायच्या आणखी एका नातेवाइकाचा दूरध्वनी. दोघांच्या सह्या का, तर आईची संमती नसलेला प्रवेश टिकत नाही, आणि टिकू नयेही. दीड पानात हे सगळे बसते.

सोबत जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची प्रत, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडतात. उन्हाळ्यात मुंजींचा हंगाम आणि शाळेची परीक्षा आटोपली की मे-जूनमध्ये मुलाला घेऊन बोलावणे येते. गुरुजी संध्या ऐकतात, संथा देऊन पाहतात, आणि बऱ्याच ठिकाणी महिना-दोन महिने मुलाला ठेवून पाहिल्यावरच प्रवेश कायम करतात. हा काळ दोन्ही बाजूंनी पारखण्याचा असतो. त्यात मुलगा रमला नाही तर त्याला परत आणून गावच्या शाळेत सहावीत घालता येते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून शाळेला तो नाकारता येत नाही.